वायफायला कुलूप कोणतं लावावं: फोनांची यादी की लांब पासवर्ड?

गावात फायबर आलं की ओट्यावर पोट्टे जमायला वेळ लागत नाही. मग घरमालकापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे राउटरमध्ये MAC फिल्टर लावून, म्हणजे प्रत्येक फोनची ओळख असलेल्या MAC पत्त्यांची यादी भरून, यादीतल्याच फोनांना आत घ्यायचं. दुसरी, यादीची भानगड न करता पासवर्ड लांबलचक ठेवायचा आणि बाकीच्यांना गेस्ट नेटवर्क द्यायचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझं कृषी सेवा केंद्र आणि मागचं घर एकाच राउटरवर चालतं. दोन्ही प्रकार मी वापरले आहेत.

यादीचा फायदा खरा आहे. पासवर्ड गावभर झाला तरी यादीत नसलेला फोन बाहेरच राहतो. बिलाचा कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे यांचे पत्ते सहसा बदलत नाहीत, त्यामुळे एकदा भरले की विसरून जायचं. घरात माणसं मोजकी आणि फोनही तेच राहणार असतील तर ही पद्धत चालून जाते, नाही असं नाही.

माझं मन उडालं ते तिच्या मुकेपणामुळे. दिवाळीत पुतणी नागपूरहून नवा फोन घेऊन आली. "काकाजी, पासवर्ड हाच ना? घेतच नाही हा." तिच्या आईच्या फोनवर तोच पासवर्ड बिनतक्रार चालत होता, म्हणून सगळ्यांनी नव्या फोनलाच दोष दिला. कोणी म्हणालं परत कर, कोणी म्हणालं रीसेट मार. फोन फक्त जोडता आलं नाही एवढंच सांगत होता आणि राउटर तर काहीच सांगत नव्हता. बहुतेक राउटर यादीत नसलेल्या फोनला पासवर्ड तपासायच्या आधीच परत पाठवतात, पण फोनला त्याचं कारण कळत नाही. काही फोन तर सरळ पासवर्ड चुकला असंच दाखवतात.

ओळखायची एक युक्ती आहे. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघा. बरोबर आणि चुकीचा, दोन्ही पासवर्डना अगदी तोच संदेश, तेवढ्याच झटपट येत असेल तर संशय फिल्टरवर घ्यावा. मग जुन्या फोनवरून `192.168.1.1` किंवा राउटरच्या खाली चिकटवलेला पत्ता उघडा आणि वायरलेसच्या पानावर `MAC Filter` बघा. तो `Allow` वर असेल तर नवा फोन का अडला ते कळलं. 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झच्या याद्या पुष्कळ राउटरांत वेगवेगळ्या असतात, दोन्ही बघाव्यात.

आता वाटेल, पत्ता यादीत टाकला की झालं. मी पुतणीच्या फोनच्या खोक्यावरचा MAC पत्ता टाकला, तरी फोन बाहेरच! अँड्रॉइड 10 पासून आणि आयफोनवर iOS 14 पासून फोन वायफायला आपला खरा पत्ता न देता बनवलेला देतो. पत्त्याचं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल तर तो बनावट समजावा, जसं `DA:4F:19:62:0B:7C`. अँड्रॉइडवर हा पत्ता नेटवर्कच्या नावागणिक वेगळा निघतो, म्हणजे 5 गिगाहर्ट्झच्या वायफायचं नाव वेगळं ठेवलं असेल तर एकाच फोनचे दोन पत्ते भरा. फोन फॅक्टरी रीसेट केला की पुन्हा नवे. त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये `Use device MAC` निवडता येतं, पण ते प्रत्येक पाहुण्याच्या फोनवर कोण करत बसणार? उलट वापर, म्हणजे नको त्या फोनला `Deny` करणं, तर आणखीच पोकळ. पोट्ट्यानं तेच बटण फिरवलं की पत्ता बदलला.

शिवाय पासवर्डने सगळा मजकूर झाकला तरी MAC पत्ते हवेत उघडेच जातात. जाणकाराला यादीतल्या फोनचा पत्ता उचलून आपल्या लॅपटॉपला लावता येतो. यादीने चोर अडतो की घरचा पाहुणा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्याकडे तरी पाहुणेच अडले.

पासवर्डचीही कटकट आहेच. तो बदलला की कॅमेरे, टीव्ही, प्रिंटर सगळीकडे परत टाकत फिरा. म्हणून मी मुख्य पासवर्ड वीसेक अक्षरांचा, WPA2 वर ठेवलाय आणि तो दुकान-घराबाहेर कोणाला देत नाही. पाहुणे, गिऱ्हाईक, ओट्यावरचे सगळे गेस्टवर. त्याचा पासवर्ड सणवार उरकला की बदलतो, बाकी कशाला हात लागत नाही. गेस्ट लावताना लोकल नेटवर्कची परवानगी मात्र बंद ठेवा, नाहीतर दुकानाचा प्रिंटर कोणालाही दिसेल. राउटर जुना असून गेस्टची सोयच नसेल, तर यादीशिवाय इलाज नाही. तेव्हा निदान एका कागदावर `MAC Filter` चालू असल्याचं लिहून तो राउटरलाच चिकटवा.