digiKam आठ महिने वापरून: अल्बममध्ये आई ऐवजी गराडू

ताईचं लग्न डिसेंबरात इथेच इंदूरला झालं. फोटोग्राफरने पेन ड्राइव्ह दिला, त्यात दोन कॅमेऱ्यांचे दोन फोल्डर, 1312 आणि 874 फोटो. निवडायला digiKam हे फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं, कारण पैसे द्यायची तयारी नव्हती, खरं तेच.

निवडायला मस्तच आहे. एका पोजचे सात फोटो लाइट टेबलवर टाकून दोन-दोन शेजारी ठेवून झूम केलं की कोणाचे डोळे मिटलेत ते लगेच कळतं, आणि Ctrl+5 दाबलं की पाच स्टार. तीन रात्रीत 120 निघाले. तेवढेच हवे होते, 30 शीटच्या अल्बमला.

मग नंबरांची यादी पाठवली आणि महिन्याने अल्बम आला, त्यात पाठवणीच्या शीटवर डोळे पुसणाऱ्या आईच्या जागी दोन पानभर गराडूचा, म्हणजे आमच्या इंदूरच्या तळलेल्या कंदाचा काउंटर! कढई, वाफ, मसाला, सगळं झकास. काकू म्हणाली, "फोटो छान आलाय की रे." फोटोग्राफरशी फोनवर वाजलं, शीट बदलायचे 800 मागत होता.

तेव्हा डोकं फिरलेलं, पण आता म्हणतो चूक निम्मी माझी. दोन्ही कॅमेरे आपापले DSC_0001 पासून नंबर देतात, त्यामुळे DSC_0412 दोन होते, एक आईचा, एक गराडूचा. मी फक्त नंबर लिहिला, फोल्डर नाही, त्याने समोर दिसला तो उचलला. पण त्याने एकदा विचारायला काय जात होतं?

आणि हो, हाच घोळ मी बॅकअप घेतानाही केला होता. दोन्ही फोल्डर हार्ड डिस्कवर एकात ओतले, Windows ने विचारलं तर Replace दाबून मोकळा. अल्बमच्या भांडणानंतर सहज Properties पाहिलं तर 2186 च्या जागी 1903. म्हणजे 283 गेले, आणि एकही एरर नाही! पेन ड्राइव्ह अजून पुसला नव्हता म्हणून वाचलो.

आता digiKam मध्ये एका फोल्डरचे सगळे सिलेक्ट करून F2 आणि हे टाकतो, दुसऱ्याला B_:

```
A_[file]
```

जुना नंबर आत तसाच राहतो, म्हणून फोटोग्राफरला सापडतो. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून "हा घ्या" म्हणू नका, तिथे नावच बदलतं.

एक वैताग, दुसऱ्या कॅमेऱ्याचं घड्याळ 47 मिनिटं पुढे होतं, वेळेनुसार लावलं की अक्षता आधी न् नवरदेव येतानाची वरात नंतर. अंतरपाट खाली येतानाचा क्षण दोन्हीत होता, त्यावरून फरक काढला आणि तेवढी वेळ digiKam मध्येच मागे घेतली, बॅकअपच्या कॉपीवर नाही.

सगळे मिळून 22 जीबी, गूगलच्या फुकट 15 मध्ये मावत नाहीत. एक कॉपी लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, आणि दुसरी डिस्क ताईच्या सासरी ग्वाल्हेरला. 800 शेवटी 400 वर आले. जुनं गराडूचं शीट काकूने मागून नेलं.