ग्रेड तोच, ऑइल मात्र कारचे: क्लच प्लेटच्या नावाखाली झालेली फसवणूक

माझ्या १५० सीसी मोटारसायकलच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘बाइक ऑइल, १०डब्ल्यू-३०, १ लिटर’ असे लिहिलेले होते आणि पैसेही मोटारसायकलच्या ऑइलचेच घेतले गेले होते. प्रत्यक्षात इंजिनात भरले गेले ते कारचे ऑइल, आणि त्यामुळे क्लच घसरू लागल्यावर त्याच गॅरेजने क्लच प्लेटचा पूर्ण संच बदलल्याचे वेगळे पैसे माझ्याकडून घेतले. अशी फसवणूक सहज खपून जाते, कारण डब्यावरचा ग्रेड खरोखरच तोच असतो.

हा ग्रेड केवळ ऑइल थंड आणि गरम असताना किती पातळ किंवा घट्ट राहते हे सांगतो. त्या ऑइलात बुडालेल्या दोन पृष्ठभागांमध्ये घर्षण किती राहील, याविषयी तो काहीही सांगत नाही. गिअरच्या कारमध्ये क्लच सहसा कोरडा असतो आणि इंजिन ऑइलचा त्याला स्पर्शही होत नाही, म्हणून कारच्या पातळ ऑइलांमध्ये इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायने निर्धास्तपणे घातली जातात. बहुतेक मोटारसायकलींमध्ये मात्र इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांना एकच ऑइल पुरते. तेथे अस्तर लावलेल्या आणि साध्या पोलादी प्लेटा आलटून पालटून बसवलेल्या असतात, स्प्रिंगच्या दाबाने त्या एकमेकींना घट्ट धरतात आणि ही सगळी पकड ऑइलात भिजलेल्या अवस्थेतच टिकावी लागते; म्हणूनच याला ओला क्लच म्हणतात. ज्या रसायनाने कारच्या इंजिनातील घर्षण कमी होते, तेच या प्लेटांवर पातळ थर धरून त्यांची पकड सैल करते.

माझ्या गाडीत हे खंबाटकी घाटात जाणवले. वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडला की इंजिनाचा आवाज आणि आरपीएम चढत, पण वेग त्या प्रमाणात वाढत नसे. गॅरेजमध्ये ‘प्लेटा गेल्या’ असे सांगण्यात आले, नव्या प्लेटा बसवल्याचे बिल झाले, जुन्या प्लेटा मला दाखवल्या नाहीत, आणि पुन्हा त्याच डब्यातील ऑइल भरले गेले. साहजिकच थोड्याच दिवसांत क्लच पुन्हा घसरू लागला.

दुसऱ्या एका जाणत्या मेकॅनिकने आधी क्लच लिव्हरचा फ्री प्ले, म्हणजे केबल ओढली जाण्याआधीची लिव्हरची मोकळी हालचाल, तपासला, कारण केबल जास्त घट्ट ताणलेली असली तरी क्लच असाच घसरतो. तो ठीक निघाल्यावर क्लच उघडून प्लेटांची जाडी आणि स्प्रिंगची लांबी मोजली. दोन्ही मर्यादेत होती. प्लेटा नव्या, स्प्रिंग चांगल्या, फ्री प्ले बरोबर आणि तरीही घसरण, म्हटल्यावर संशय ऑइलवरच येत होता. पहिल्या गॅरेजमध्ये जाऊन मी तो मोठा डबा दाखवायला लावला. त्यावर एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचे गोल चिन्ह होते आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे शब्द होते. इंधनबचतीची ही खूण असलेले ऑइल ओल्या क्लचसाठी टाळावे. मालकाचे एकच पालुपद होते: “ग्रेड तोच आहे ना?” त्याने ऑइलचे पैसे परत केले, प्लेटांचे केले नाहीत.

मोटारसायकलसाठी पाहायची खूण म्हणजे जासो हे जपानी मानक. डब्याच्या मागे त्याची लहान चौकट असते; तिच्यात वर सांकेतिक क्रमांक आणि खाली एमए, एमए१, एमए२ किंवा एमबी असा वर्ग छापलेला असतो. एमए गट ओल्या क्लचसाठी असून त्यात एमए२चे घर्षण अधिक असते. आपल्या गाडीला कोणता वर्ग हवा ते तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. कारचे प्रत्येक ऑइल क्लच घसरवतेच असे नाही, कारण घट्ट ग्रेडच्या अनेक ऑइलांत ही रसायने फारशी नसतात. परंतु जासोची खूण नसेल तर ओल्या क्लचमधील घर्षणाची हमी कोणीही दिलेली नसते.

दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन गरम असताना ऑइल पूर्ण काढले, फिल्टर बदलला आणि माझ्यासमोर सीलबंद डबा फोडून एमए२ भरले. प्लेटांच्या अस्तरात मुरलेले जुने ऑइल लगेच निघत नाही, त्यामुळे घसरण हळूहळू कमी होत गेली आणि प्लेटा वाचल्या. पोलादी प्लेटा तापून निळ्या पडल्या असत्या किंवा अस्तर गुळगुळीत चकाकू लागले असते, तर नुसते ऑइल बदलून भागले नसते.

एमबी वर्गाचे ऑइल बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक स्कूटरसाठी योग्य असते, कारण तिचा क्लच कोरडा असतो. स्कूटरमध्ये भरून उरलेले ते ऑइल गिअरच्या मोटारसायकलमध्ये ओतले जात असेल, तर तेही तेथेच थांबवावे.