फिश ऑइल, कॉड लिव्हर ऑइल की बांगडा? परभणीत वर्षभर वापरल्यावर

ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, तीनशेच्या वर गेलं म्हणून ओमेगा थ्रीकडे वळले. आता वर्ष होत आलं. या काळात घरात तिन्ही गोष्टी होत्या: माझ्यासाठी फिश ऑइलच्या कॅप्सूल, सासूबाईंनी मेडिकलमधून आणवलेली कॉड लिव्हर ऑइलची बाटली, आणि आठवडी बाजारातला बर्फातला बांगडा. दुकानदार पहिल्या दोन्ही वस्तू 'माशाचं तेल' म्हणूनच देतो. प्रत्यक्षात त्या वेगळ्या आहेत, आणि हा फरक कळणं माझ्या रिपोर्टपेक्षाही माझ्या धाकट्या जाऊबाईसाठी जास्त महत्त्वाचं ठरलं.

आधी कॅप्सूल. डब्यावर मोठ्या अक्षरात '१००० मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं. हे वजन नुसत्या तेलाचं. ओमेगा थ्रीचे कामाचे दोन घटक म्हणजे ईपीए आणि डीएचए. ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतात, आणि साध्या कॅप्सूलमध्ये १८० आणि १२० असे मिळून ३०० मिलिग्रॅम भरतात. उरलेलं ७०० मिलिग्रॅम म्हणजे माशाची इतर चरबी. त्यामुळे दोन डब्यांची तुलना करताना पुढचा आकडा सोडायचा, मागच्या दोन आकड्यांची बेरीज करायची आणि किमतीला त्या बेरजेनं भागायचं. असा हिशेब केला तेव्हा दुकानातला महाग वाटणारा 'ट्रिपल स्ट्रेंथ' डबा स्वस्त डब्याच्या बरोबरीचाच निघाला. काही डब्यांवर हे आकडे एका कॅप्सूलचे नसून दोन कॅप्सूलचे असतात, तेवढं बघून घ्यावं.

जेवणानंतर घेतली की ढेकर जवळजवळ येत नाही. उपाशीपोटी घेतली तर दुपारपर्यंत माशाची आठवण येत राहते. आपल्याकडची खरी अडचण उन्हाळ्याची आहे. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, त्यात कुरिअरची पेटी दिवसभर गाडीत तापते. एप्रिलनंतर ऑनलाइन मागवलेल्या डब्यातल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून आल्या होत्या. एक सुईनं टोचून वास घेतला, तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र भपका आला. चांगल्या तेलाला माशाचा हलका वास असतो, पण घशाला खवखव लावणारा कडूपणा नसतो. खवट तेल मी फेकून दिलं. आता उन्हाळ्याचा साठा फेब्रुवारीतच दुकानातून घेते आणि फ्रिजमध्ये ठेवते. लिंबाचा किंवा व्हॅनिलाचा वास लावलेल्या कॅप्सूल मी टाळते, कारण त्यात खवटपणा लपतो.

आता कॉड लिव्हर ऑइल. बांगडा, तारली हे मासे चरबी मांसात साठवतात, म्हणून साधं फिश ऑइल अशा माशांच्या अंगातून निघतं आणि त्यात 'अ' जीवनसत्त्व नगण्य असतं. कॉड हा थंड समुद्रातला मासा चरबी यकृतात साठवतो. त्याचं मांस कोरडं, यकृत मात्र तेलानं भरलेलं. आणि यकृत म्हटलं की 'अ' जीवनसत्त्वाचं कोठार, बोकडाचं असो की माशाचं. म्हणून चहाच्या एका चमचाभर कॉड लिव्हर ऑइलमध्ये ईपीए आणि डीएचए मिळून साधारण ८०० मिलिग्रॅम मिळतात, म्हणजे साध्या अडीच-तीन कॅप्सूलइतके. त्यासोबत सुमारे ४५० युनिट 'ड' जीवनसत्त्व मिळतं, ते ठीकच आहे. पण सुमारे ४,५०० युनिट, म्हणजे १,३५० मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्वही पोटात जातं. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार बाईची रोजची गरज ८४० मायक्रोग्रॅमची. मोठ्या माणसासाठी वरची मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० युनिट धरतात.

हे आकडे सरासरीचे. युरोपच्या औषधसंहितेत या तेलाच्या एका प्रकाराला ग्रॅममागे ६०० ते २,५०० युनिट 'अ' जीवनसत्त्व चालतं. म्हणजे दोन बाटल्यांत चौपट फरक असू शकतो, आणि वरच्या टोकाच्या बाटलीतला एकच चमचा रोजची मर्यादा ओलांडतो. इंटरनेटवर वाचलेला आकडा आपल्या हातातल्या बाटलीला लागू होईलच असं नाही, बाटलीवरचाच आकडा धरावा. बाजारात मिळणाऱ्या छोट्या सोनेरी कॅप्सूलमध्ये तेल चमच्याच्या मानानं अगदी थोडं असतं. त्यात जीवनसत्त्वही कमी आणि ओमेगा थ्रीही कमी. एकीत ५०-६० मिलिग्रॅमच्या पुढे अपेक्षा धरू नये.

जाऊबाईला तेव्हा तिसरा महिना लागला होता. सासूबाईंचा हेतू चांगलाच: बाळाचा मेंदू चांगला होतो म्हणून सकाळी एक चमचा, आणि रक्त वाढावं म्हणून रविवारी कलेजी. त्यांना मी वहीत हिशेब मांडून दाखवला. चमच्याचे १,३५० गुणिले सात, म्हणजे आठवड्याला ९,४५०. शंभर ग्रॅम कच्च्या मटणाच्या कलेजीत ७,००० मायक्रोग्रॅमच्या वर. दोन्ही मिळून साडेसोळा हजार, रोजचे सरासरी साडेतेवीसशे. त्यावर दूध, अंडी, आणि खासगी दवाखान्यातून आलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी, तिच्यातही 'अ' होतंच. मर्यादा हाताशी आली, आणि कलेजीच्या दिवशी तर तिच्या कितीतरी पुढे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मंग अंगणवाडीत लेकरांना तेच पाजतेत की!" प्रश्न रास्त होता. अंगणवाडीतला डोस सहा महिन्यांतून एकदा असतो, पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना, कमतरता भरून काढायला. गरोदर बाईनं रोज घेणं ही वेगळी गोष्ट.

गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, प्राणिज 'अ' जीवनसत्त्व म्हणजे रेटिनॉल जास्त झालं तर बाळाच्या चेहऱ्याची, हृदयाची, मेंदूची घडण बिघडू शकते. म्हणून ब्रिटनची आरोग्यसेवा गरोदर बायांना कॉड लिव्हर ऑइल आणि कलेजी दोन्ही टाळायला सांगते. गाजर, शेवग्याचा पाला, पपई यांतल्या बीटा कॅरोटीनला हे लागू नाही, शरीर त्यातून गरजेपुरतंच 'अ' बनवतं. सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या लाल गोळीत लोह आणि फॉलिक आम्लच असतं, ती बंद करायची गरज नव्हती. डॉक्टर मॅडमनी बाटली आणि कलेजी दोन्ही थांबवली, मल्टिव्हिटॅमिन बदलली आणि शेवाळाच्या तेलाची डीएचएची कॅप्सूल लिहून दिली. तिच्यात 'अ' नसतं, शाकाहारी माणसालाही चालते. फार दिवस जास्त 'अ' गेलं तर मोठ्या माणसातही ओठ फाटणं, कातडी सोलणं, केस गळणं, डोकेदुखी, हाडं दुखणं अशा तक्रारी येतात. चरबीत विरघळणारं असल्यानं ते लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठत राहतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर कॉड लिव्हर ऑइल घेऊच नये, ते औषध त्याच कुळातलं.

माझ्या ट्रायग्लिसराइडसाठी बाटली का उपयोगाची नाही तेही याच हिशेबात आहे. औषध म्हणून ओमेगा थ्री देतात तेव्हा रोज चार ग्रॅमपर्यंत ईपीए-डीएचए लागतं, आणि त्यानं ट्रायग्लिसराइड वीस ते तीस टक्के उतरतं. ते कॉड लिव्हर ऑइलमधून मिळवायचं तर रोज पाच चमचे, म्हणजे २२,००० युनिटांच्या वर 'अ'. साध्या कॅप्सूलमधून म्हटलं तर तेरा कॅप्सूल. म्हणून त्यासाठी डॉक्टर घट्ट केलेलं औषधच देतात, आणि तेही जपून, कारण मोठ्या डोसनं काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. माझं प्रमाण त्या औषधाच्या पातळीचं नव्हतं. मी दोन कॅप्सूल घेतल्या, गोड चहा आणि संध्याकाळचं फरसाण सोडलं, चालायला लागले. रिपोर्ट दीडशेच्या आसपास आला. यात कॅप्सूलचा वाटा किरकोळच असावा. २०१९ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत २५ हजारांहून जास्त लोक होते. एक ग्रॅमच्या रोजच्या कॅप्सूलनं हृदयविकार आणि पक्षाघात मिळून होणाऱ्या मोठ्या घटना ठळकपणे कमी झाल्या नाहीत.

म्हणून आता माझा भर माशावर. जायकवाडीचा राहू-कटला ताजा मिळतो, पण ओमेगा थ्रीच्या बाबतीत तो समुद्री तेलकट माशांच्या खूप मागे. जवसाची चटणी आमच्याकडे रोजचीच. तिच्यातलं ओमेगा थ्री वेगळं, त्यातलं थोडंच ईपीएमध्ये बदलतं, डीएचए तर नाममात्र. बांगडा आणि तारली हेच खरे. फक्त नेटवरचे 'मॅकरेल'चे आकडे बांगड्याला लावू नयेत. ते अटलांटिकमधल्या माशाचे, शंभर ग्रॅममागे दोन ग्रॅमच्या वर. आपला बांगडा त्याहून बराच कमी, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, चरबी चढलेल्या हंगामात थोडा जास्त. तारली सहसा त्याच्या पुढे. आठवड्यातून दोनदा मासा खाल्ला तरी रोजची सरासरी कॅप्सूलच्या अर्ध्यावर जाते, वर प्रथिनं मिळतात. 'अ'ची भीती नाही, कारण मांसात ते थोडं असतं आणि माशाचं यकृत साफ करतानाच जातं.

येसर लावून पातळ रस्सा करते. तळला की चरबी कढईत उतरते, रश्श्यात उतरली तर भाकरीबरोबर पोटातच जाते. मासा मुंबईहून बर्फात येतो, म्हणून निवडताना डोळे चमकदार, कल्ले लाल आणि पोट टणक बघते. बर्फ वितळून मासा कोमट झाला असेल तर घेत नाही. बांगडा-तारलीत गरमीनं हिस्टामीन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही, आणि खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, खाज, डोकेदुखी सुरू होते. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद, पुढं श्रावण. ते तीन महिने कॅप्सूल, बाकी वर्ष मासा, असं सध्या चाललंय.

तारलीसाठी मासेवाल्याच्या मागे लागले आहे. तो म्हणतो, "ताई, काट्यामुळं हितं कुणी घेत न्हाई. चार घरं गोळा करा, मंग पेटी मागवतो." तीन घरं झालीत.