जड, खोल तळाची बाटली घ्यावी की हलकी, सपाट तळाची?

समजा दुकानात दोन रेड वाइन समोर आहेत आणि किंमत जवळपास सारखी आहे. एक बाटली रुंद खांद्यांची, हातात घेताच भारदस्त वाटणारी, तळाला अंगठा आत जाईल एवढा खळगा असलेली. दुसरी हलकी, तळ जवळजवळ सपाट. बहुतेकांचा हात पहिलीकडे जातो, माझाही बरीच वर्षं जायचा.

मग एकदा अशा दोन रिकाम्या बाटल्या मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवल्या. जड भरली ८६० ग्रॅम, हलकी ४१५. दोन्ही उलट्या करून तळाच्या खळग्यात पाणी ओतलं, तर खोल खळग्यात ४० मिलीच्या आसपास मावलं, उथळ खळग्यात जेमतेम दोन चमचे. वाइन मात्र दोन्हींत ७५० मिलीच होती. खळगा जागा खातो तेवढी बाटली उंच किंवा रुंद करतात, त्यामुळे ‘खोल तळ म्हणजे कमी वाइन’ ही समजूतही चुकीचीच. जड बाटलीत जास्तीचे पैसे गेले ते काचेत आणि तिच्या वाहतुकीत. चांगल्या वाइनला जड बाटली देणारे उत्पादक आहेत, पण साध्या वाइनला ती द्यायला कोणाची आडकाठी नाही.

हा खळगा आला हाताने काच फुंकण्याच्या काळातून. बाटलीच्या तळाला सळई चिकटवून काम करत आणि ती तोडली की तिथे धारदार खूण राही. तळ आत ढकलला की ती टेबलाला लागत नसे आणि बाटली डुगडुगत नसे. आजच्या साच्यातल्या बाटलीला ती अडचण नाही. गाळ खळग्याभोवती साठतो हे खरं, पण त्यासाठी बाटली आधी काही तास उभी ठेवावी लागते आणि गाळ धरणारी जुनी वाइन असावी लागते. वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या वाइनला त्याचा उपयोग नाही.

खळगा खरोखर कामाचा असतो तो शॅम्पेनमध्ये. तिथे आतला दाब पाच-सहा वातावरणांचा, म्हणजे गाडीच्या टायरच्या दुप्पट-अडीचपट. घुमटासारखा वर गेलेला तळ तो ताण वाटून घेतो. शॅम्पेनची प्रमाणित बाटली आज ८३५ ग्रॅमची आहे, आणि तिथला जडपणा गरजेचा आहे. तरीही लुई रोडररची ‘क्रिस्टल’ ही अतिशय महागडी शॅम्पेन सपाट तळाच्या, पारदर्शक बाटलीत येते. १८७६ मध्ये ती रशियाचा झार अलेक्झांडर दुसरा याच्यासाठी प्रथम बनवली गेली. तळाखाली कुणी काही लपवू नये म्हणून तळ सपाट, असं सांगतात. खळगा नसल्याची भरपाई जाड काचेने केलेली आहे.

आकार थोडंफार सांगतो. उभे रुंद खांदे बोर्दोचे, आणि जगभर कॅबर्ने, मर्लो, सोव्हिन्यों ब्लांक त्यात भरतात. उतरते खांदे बरगंडीचे, पिनो न्वार आणि शार्दोनेसाठी. उंच सडपातळ बाटली अल्सास आणि ऱ्हाइनची, रीसलिंगची. अल्सासमध्ये ती कायद्याने ठरलेली आहे. पण नाशिकच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या बाटलीवर ती निव्वळ रूढी. त्यामुळे खांद्यावरून द्राक्षाचा अंदाज बांधा, दर्जाचा नको. द्राक्षाचं नाव आणि वर्ष लेबलवर वाचा.

वाइनबद्दल काही खरं सांगतं ते बाटलीचं माप. ३७५ मिली, ७५० मिली आणि दीड लिटरची मॅग्नम, तिन्हींचं तोंड साधारण सारखंच असतं. बुचाखाली राहणारी आणि बुचातून झिरपणारी हवाही जवळपास तेवढीच. म्हणजे तेवढ्याच हवेला मॅग्नममध्ये दुप्पट वाइन आणि छोट्या बाटलीत निम्मी. म्हणून तीच वाइन छोट्या बाटलीत लवकर पिकते आणि मॅग्नममध्ये सावकाश. पण हा फायदा थंड, स्थिर तापमानात वर्षानुवर्षं ठेवली तरच मिळतो. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली मॅग्नम उष्णतेने तशीच बिघडेल.

आता हिशेब करू. जेवायला सहा जण, माणशी दोन ग्लास, ग्लास १५० मिलीचा, म्हणजे १.८ लिटर. मॅग्नम आणि ३७५ मिलीची एक छोटी घेतली तर बरोबर पुरते. पण मॅग्नमचं बूच खराब निघालं तर दीड लिटर एकदम हातचं जातं. मी अशा वेळी ७५०च्या तीन हलक्या बाटल्या घेते. तिसरी लागली तरच उघडायची. दोघांसाठी, रोज अर्धा ग्लास पिणाऱ्यांना ३७५ चांगली, कारण उघडलेली ७५० तीन-चार दिवसांत उतरू लागते.