स्प्राइट शीट दुरुस्तीचा मेल: तयार शीट मागावी की सुट्या फ्रेम?

फ्रीलान्स चित्रकाराकडून आलेली स्प्राइट शीट, म्हणजे ॲनिमेशनच्या सगळ्या फ्रेम ओळीने मांडलेलं एकच चित्र, गेममध्ये नीट चालत नसेल, तर दुरुस्तीचा मेल दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात आपण म्हणतो, शीटच या मापाने पुन्हा बनवून द्या. दुसऱ्यात म्हणतो, फ्रेम सुट्या पाठवा, शीट आम्ही जोडतो. दोन्ही मेल रास्त आहेत, पण ते वेगवेगळ्या बिघाडांवरचे उपाय आहेत. म्हणून आधी बिघाड नेमका कुठे आहे ते बघायला हवं.

एक उदाहरण घेऊ. धावण्याच्या ८ फ्रेमची आडवी शीट, प्रत्येक फ्रेम १२८ × १२८ ठरलेली. म्हणजे शीटची रुंदी १०२४ पिक्सेल यायला हवी. हातात आली ती १०३०. ही ६ पिक्सेलची तफावत बरंच काही सांगते. प्रत्येक दोन फ्रेमच्या मध्ये सारखं २ पिक्सेलचं अंतर सोडलं असतं, तर सात फटींचे १४ पिक्सेल होऊन रुंदी १०३८ झाली असती. ६ आले, याचा अर्थ अंतर काही ठिकाणीच आहे. शीट मोठी करून पाहिली की तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या फ्रेमनंतर प्रत्येकी २ पिक्सेलची फट दिसते. हाताने सरकवून जोडलेल्या शीटमध्ये हे हमखास होतं.

इंजिन मात्र दर १२८ पिक्सेलवर काप घेत जातं. त्यामुळे पहिल्या तीन फ्रेम जागेवर बसतात, चौथी आणि पाचवी २ पिक्सेल उजवीकडे जातात, सहावी-सातवी ४, आणि आठवी ६. पडद्यावर पात्र धावताना हळूहळू उजवीकडे घसरतं आणि पुन्हा पहिल्या फ्रेमवर येताना झटक्याने मागे जातं. हा झटका बघून बहुतेक जण चित्रकाराला लिहितात, ‘पिव्होट चुकलाय, बघा जरा.’ हे लिहू नये. पिव्होट म्हणजे ज्या बिंदूवर धरून इंजिन फ्रेम पडद्यावर ठेवतं तो. पीएनजीमध्ये असं काही साठवलेलंच नसतं; तो इंजिनमध्ये आपण ठरवतो. चित्रकाराच्या हातात असतं ते एवढंच, की फ्रेमच्या चौकटीत पात्र कुठे उभं आहे. तेच सांगायचं.

तयार शीट मागणारा मेल साधारण असा होईल:

‘नमस्कार, `run.png` ची रुंदी १०३० आली आहे, ८ × १२८ = १०२४ हवी आहे. फ्रेम ३, ५ आणि ७ नंतर २-२ पिक्सेलची जादा जागा आहे, ती काढून सगळ्या फ्रेम एकमेकींना लागून ठेवा. प्रत्येक फ्रेममध्ये जमिनीची रेघ वरून १२० पिक्सेलवर धरा. म्हणजे ओळी शून्यापासून मोजल्या तर टेकलेल्या पायाची सगळ्यात खालची ओळ ११९ वी, आणि तिच्याखाली ८ ओळी रिकाम्या. फ्रेम १ आणि ५ मध्ये पाय टेकलेला आहे, तिथे हे तंतोतंत हवं. ३ आणि ७ मध्ये पात्र हवेत आहे, तिथे पाय रेघेच्या वरच राहू दे. फ्रेमच्या चारही कडांना किमान २ पिक्सेल रिकामे ठेवा. खुणा केलेलं चित्र सोबत जोडलं आहे.’

सुट्या फ्रेम मागणारा मेल असा:

‘नमस्कार, धावण्याच्या ८ फ्रेम `run_01.png` ते `run_08.png` अशा सुट्या पाठवाल का? प्रत्येक फाइल १२८ × १२८, भोवतालची रिकामी जागा न छाटता. जमिनीची रेघ वरून १२० पिक्सेलवर. फ्रेम १ आणि ५ मध्ये पाय त्या रेघेवर टेकलेला, ३ आणि ७ मध्ये हवेत. कडांना २ पिक्सेल मोकळे. शीट जोडायचं काम आम्ही करू.’

आता फ्रेमच्या मापाचं. पहिल्या मेलमध्ये माप बरोबर आहे की नाही हे शीट परत आल्यावर बेरीज करून तपासावं लागतं, आणि बेरीज जुळली तरी आतली एखादी फ्रेम सरकलेली असू शकते. सुट्या फाइलींमध्ये प्रत्येकीचं माप आपोआप समोर असतं. एखादी १२६ × १२८ आली तर लगेच दिसते. अंतराचा तर प्रश्नच उरत नाही, कारण जोडणी इमेजमॅजिकच्या एका आज्ञेत होते:

```
magick run_*.png +append run.png
```

८ फाइली १२८ च्या असतील तर रुंदी १०२४ येणारच. शेजारच्या फ्रेमची रेघ कडेला डोकावण्याची भीतीही इथे नाही, कारण ती तेव्हा दिसते जेव्हा चित्र थेट चौकटीच्या कडेला भिडलेलं असतं आणि इंजिन झूम करताना शेजारचे पिक्सेल मिसळतं. कडांना २ पिक्सेल मोकळे मागितले की दोन फ्रेमच्या मध्ये वेगळी फट ठेवायची गरज पात्रांच्या शीटला सहसा पडत नाही. जमिनीच्या फरशांचं तसं नाही, त्या कडेपर्यंत रंगवलेल्याच असतात.

पिव्होटच्या बाबतीत मात्र दोन्ही मेल सारखेच, आणि खरी मेहनत तिथेच आहे. सुट्या फ्रेम मागितल्या म्हणून पाय आपोआप रेघेवर येत नाही. उलट दुसऱ्या मेलमधला ‘न छाटता’ हा शब्द राहून गेला तर गोष्ट बिघडते. चित्रकाराने एक्स्पोर्ट करताना ट्रिम चालू ठेवलं, की प्रत्येक फ्रेम पात्राच्या कडेपर्यंत छाटली जाते. मग पिव्होट तळाशी धरला तर हवेतल्या फ्रेमचा पायही जमिनीला चिकटतो आणि धावण्यातली उसळी नाहीशी होते. पात्र आधीसारखं एकाच दिशेने घसरत नाही, पण सपाट चालल्यासारखं वाटतं. असं दिसलं तर आधी फाइलींची मापं पाहावीत. ती फ्रेमगणिक वेगळी असतील तर ट्रिमचाच प्रकार आहे.

मेलमध्ये आकडे वरून मोजून, पिक्सेलमध्ये द्यावेत, कारण चित्रकाराच्या प्रोग्राममध्ये मोजणी डावीकडे वरून सुरू होते. युनिटीत तीच रेघ खालून धरतात, म्हणून पिव्होट (0.5, 0.0625) होतो, ८ भागिले १२८. हे रूपांतर आपल्याकडेच ठेवावं. अपूर्णांक मेलमध्ये गेला की तो वरून की खालून, यावर दोन फेऱ्या वाया जातात.

माझा कौल असा. शीट हाताने जोडली असल्याची खूण, म्हणजे वर दिसली तशी कमीजास्त फट, सापडली तर सुट्या फ्रेम मागा. पुढच्या उडी आणि हल्ल्याच्या शीटमध्येही तीच चूक येणार असते, आणि ती मुळातून थांबते. चित्रकार एसप्राइटसारख्या प्रोग्राममधूनच शीट काढत असेल आणि चूक सगळीकडे सारखी असेल, समजा सगळ्याच फटी २ पिक्सेलच्या, तर तयार शीटच मागा. त्यांना एक आकडा बदलून पुन्हा एक्स्पोर्ट करायचं असतं. किंवा खरं तर तेवढंही नको, कापताना इंजिनमध्ये अंतर २ लिहिलं की भागतं.

एक गोष्ट दोन्ही मेलमध्ये जपून लिहावी. सुट्या फ्रेम मागणं म्हणजे मूळ लेयर्सची फाइल मागणं नव्हे. ती करारात नसेल तर ‘सोर्स पाठवा’ असं सहज लिहून टाकू नये, तो मोबदल्याचा वेगळा विषय आहे.

हल्ल्याच्या फ्रेममध्ये तलवार १२८ मध्ये मावत नसेल, तर तेवढ्या ॲनिमेशनसाठी १९२ × १२८ मागा: उंची तीच, जमिनीची रेघ तीच, पात्राचा मध्य ६४ ऐवजी ९६ वर. उंची आणि रेघ बदलली नाही आणि पात्र चौकटीच्या मधोमधच राहिलं, म्हणून पिव्होटचे आकडेही तेच राहतात आणि धावण्यातून हल्ल्यात जाताना पात्र जागचं हलत नाही.