'एक विचारू का?' या मेसेजला मी 'अगं' म्हणाले, तिथेच फसले

गुरुवारची सकाळ, पावणेअकराची वेळ. मी ब्लाउजचं अस्तर बेतत होते, हातात खडू होता. फोन वाजला. डी.एड.च्या आमच्या जुन्या ग्रुपमधल्या मैत्रिणीचा मेसेज होता, तिच्याच नंबरवरून, तिच्याच फोटोसकट. 'हॅलो, एक विचारू का?' एवढंच. प्रश्न नाहीच.

मी खडू खाली न ठेवता डाव्या हाताने लिहिलं, 'अगं विचार की, त्यात काय!'

आता मागे वळून बघते तेव्हा कळतं की मी फसले ती या उत्तराने. पैसे तर नंतर गेले. कसं ते सांगते, कारण ही खुबी मला माहीत असती तर निदान हात थबकला असता.

त्या वेळी तिचं व्हॉट्सॲप तिच्याकडे नव्हतंच. आदल्या रात्री कोणीतरी ते आपल्या फोनवर सुरू करून घेतलं होतं. असं झालं की चोराला तुमचे ग्रुप दिसतात, ग्रुपमधले नंबर दिसतात, पण जुनं बोलणं दिसत नाही, कारण ते तुमच्या फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये असतं. तुम्ही आपल्या फोनमध्ये कोणाचं नाव 'वहिनी' म्हणून ठेवलंय, कोणाचं 'दूधवाले', हेही त्याला कळत नाही. समोरच्याने स्वतः जे नाव लावलंय तेवढंच त्याला दिसतं. माझ्या प्रोफाइलला माझं नाव नाही, शिवणकामाचं नाव आहे, आणि फोटो एका पैठणी ब्लाउजच्या पाठीचा. म्हणजे मी बाई की पुरुष, मैत्रीण की नातलग की नुसती ओळखीची, हे त्या माणसाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

म्हणून तो रिकामा मेसेज. आणि बघा, मराठीत तो किती सोयीचा आहे. 'एक विचारू का?' यात विचारणारा बाई की पुरुष ते कळत नाही. समोरच्याला तू म्हणायचं की तुम्ही, हेही ठरवावं लागत नाही. ते सगळं भरून दिलं मी. 'अगं'ने सुचवलं की आम्ही दोघी बायका, 'विचार'ने सांगितलं की अरेतुरेतल्या, आणि 'त्यात काय'ने सांगितलं की मी तिला नाही म्हणणार नाही. माझ्या जाऊबाईंनी असल्याच मेसेजला 'बोला ना सर' म्हटलं असतं, तर पुढचा मजकूर सरांच्या थाटात आला असता.

पुढचा मेसेज लगेच आला. 'अगं माझं गूगल पे अडकलंय. एकाला १२ हजार आत्ता द्यायचेत. तू टाकशील का? संध्याकाळी देते.' पाठोपाठ क्यूआर कोड.

मी फोन लावला. व्हॉट्सॲपवरच लावला, ही माझी दुसरी चूक. कॉल कट झाला आणि मेसेज आला, 'दवाखान्यात आहे गं, बोलता येत नाही.' अर्थातच, तो कॉलही त्याच्याच फोनवर वाजत होता. साधा फोन लावला असता तर तो तिच्या सिमवर गेला असता, आणि ती घरी भाजी निवडत बसलेली सापडली असती.

कोड स्कॅन केल्यावर भलत्याच पुरुषाचं नाव आलं. मी विचारलं. उत्तर, 'औषधाच्या दुकानवाल्याचं खातं आहे.' पटलं. दवाखाना म्हटलं की आपण हिशेब मागत नाही. १२ हजार गेले.

इथे तो थांबला असता तर मी संध्याकाळपर्यंत वाट बघत बसले असते. पण दहा मिनिटांनी, 'अगं माझा एक कोड चुकून तुझ्या नंबरवर गेलाय. सहा आकडी. पाठव ना.' खरंच एसएमएस आला होता. त्यातच लिहिलं होतं की हा कोड कोणाला देऊ नका. मी वाचलं ते फक्त आकडे. पाठवले. मिनिटभरात माझं व्हॉट्सॲप बंद पडलं, कारण तो कोड तिचा नव्हताच. माझा नंबर दुसऱ्या फोनवर सुरू करण्याचा होता.

अर्ध्या तासाने एका गिऱ्हाइकाचा साधा फोन आला. 'ताई, तुम्हाला काय विचारायचं होतं?'

तेव्हा पोटात गोळा आला.

मग जे केलं ते सांगते, क्रमाने. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. त्यांना यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक लागतो, तो पैसे पाठवल्याच्या पावतीत असतो, शोधून हाताशी ठेवा. ते ज्या बँकेत पैसे गेले तिला कळवतात आणि खात्यात जे उरलं असेल ते रोखलं जातं. पुढे सरकलं असेल तर पुढच्या बँकेला कळवतात. मला फोन करायला दोन तास झाले होते. ४ हजार रोखले गेले, ८ हजार निघून गेलेले. पाठोपाठ cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण केली, स्क्रीनशॉट जोडून.

व्हॉट्सॲपचं असं झालं. मी ते काढून पुन्हा टाकलं, माझा नंबर घातला, आलेला कोड घातला. त्यावर ते एक पिन मागायला लागलं, जो मी कधी ठेवलाच नव्हता. चोराने ठेवला होता. पिन माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. पण एसएमएसमधला कोड घातल्याक्षणी तो मात्र माझ्या खात्यातून बाहेर फेकला जातो, म्हणून पिन येत नसला तरी कोड घालाच. सात दिवस मी नसले तरी तोही नव्हता. ते सात दिवस मी वही घेऊन एकेकीला साधे फोन केले. दोघींनी तोवर पैसे पाठवले होते. त्यांच्याशी बोलताना जी लाज वाटली ती १२ हजारांची नव्हती.

आता पिन मी स्वतःचा ठेवलाय. सेटिंगमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन. आधीच ठेवला असता तर नुसत्या सहा आकड्यांवर माझं खातं गेलं नसतं.

आणि उत्तराचं. अनोळखी नंबर असेल तर उत्तर देत नाही, ब्लॉक. ओळखीचं नाव असेल तर 'काय ते लिहून पाठवा' एवढंच लिहिते. सख्ख्या बहिणीलाही. अगं नाही, अरे नाही, नाव नाही. ती चिडते, 'पाठवा काय, मी कोण सासू आहे का तुझी?' चिडली की मला बरं वाटतं, ती तीच आहे. पुढे पैशाचं किंवा कोडचं निघालं तर साधा फोन, आणि उचलला नाही तर पैसे नाहीत, दवाखाना असो की आणखी काही.

परवानगी मागून विचारणं ही आपल्याकडची रीत आहे, त्यात सगळेच लबाड नसतात हेही खरं. परवा एका ओळखीच्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला, 'हॅलो ताई, एक विचारू का?' मी लिहिलं, 'काय ते लिहून पाठवा.' पाच मिनिटं काही नाही. मग आलं, 'अस्तर सुती लावाल का?'