कंडिशनर, लीव्ह-इन आणि मास्क: आठ महिन्यांनंतर माझ्या बाथरूममध्ये काय उरलं

माझे केस दाट आहेत आणि एकेक केस जाडही आहे. या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे मला तिशीनंतर कळलं. लांबी पाठीच्या मध्यापर्यंत, अर्धवट कुरळे, आणि धुऊन वाळले की असे पिंजारतात की आत्या दारातच विचारते, "काय गं, शॉक बसला का?" गेल्या नोव्हेंबरात पार्लरमधल्या ताईंनी स्मूदनिंगचा जो आकडा सांगितला तो ऐकून घरी आले आणि तीन वस्तू आणल्या: साधं धुवायचं कंडिशनर, न धुता केसांतच ठेवायचं लीव्ह-इन आणि हेअर मास्क. आता जुलै चालू आहे. आठवड्यातून दोनदा केस धुते, त्या हिशेबाने साठपेक्षा जास्त वेळा वापरून झालंय.

सगळ्यात आधी मास्कबद्दल, कारण माझी सर्वांत मोठी आशा त्याच्यावर होती आणि सर्वांत मोठा भ्रमनिरासही तिथेच झाला. कंडिशनरची बाटली आणि मास्कचा डबा शेजारी ठेवून मागची यादी वाचली. दोन्हीकडे पाणी, मग सिटेअरिल अल्कोहोल, मग बेहेनट्रायमोनियम क्लोराइड. मास्कमध्ये पुढे शिया बटर आणि थोडं केराटिन हे प्रथिन, एवढाच फरक. (अल्कोहोल वाचून घाबरू नका, हे केस कोरडं करणारं अल्कोहोल नाही, मेणासारखं मऊ असतं. क्रीमला घट्टपणा त्यानेच येतो.) खरं काम ते बेहेनट्रायमोनियम करतं. धुतलेल्या केसावर ऋण भार असतो आणि टोकांकडे, जिथे केस झिजलेला असतो, तिथे जास्त असतो. बेहेनट्रायमोनियमवर धन भार. त्यामुळे ते नेमकं झिजलेल्या जागी जाऊन चिकटतं, केसाला केस घासत नाही आणि गुंता सुटतो. म्हणजे मास्क हे काही वेगळं औषध नाही, घट्ट आणि जास्त स्निग्ध कंडिशनरच आहे.

हे कळायच्या आधी माझा वेडेपणा करून झाला होता. मास्क लावून डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून दोन तास बसले, एकदा तर रात्रभर ठेवला. दहा मिनिटं ठेवल्यावर जो फरक दिसायचा तोच दिसला, फक्त उशीचा अभ्रा वाया गेला. मग उत्साहाने आठवड्यातून दोनदा मास्क सुरू केला, तर महिनाभरात केस काथ्यासारखे ताठ लागायला लागले. केराटिनचा मास्क बंद करून प्रथिनं नसलेला घेतला आणि पंधरा दिवसांतून एकदाच लावायला लागले, तेव्हा मऊपणा परत आला. आता ज्या दिवशी मास्क त्या दिवशी कंडिशनर नाही. एका वेळी साधारण 25 ग्रॅम लागतो, 200 ग्रॅमचा डबा चार महिने पुरतो.

कंडिशनर हा रोजचा भात. त्याच्याशिवाय माझ्या केसांतून कंगवा जात नाही. पण बाटलीवर "नाण्याएवढं घ्या" लिहिलेलं असतं ते माझ्यासारखीने विसरावं. मला 18 ते 20 मिली लागतं, म्हणजे चार चमचे. कानाच्या खाली लावते, मुळांना नाही, आणि ते लावलेलं असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर गुंता सोडवते. दोन-तीन मिनिटं पुरतात. मात्र पिंजारणं थांबवणं हे याचं काम नव्हेच. धुताना बरंचसं वाहून जातं आणि केस वाळेपर्यंत जे उरतं ते दमट हवेपुढे टिकत नाही.

तिथे लीव्ह-इन लागतं. केस पिंजारतो तो वाळताना: हवेतलं पाणी शोषून फुगतो, आणि ज्या आकारात वाळेल त्या आकारात थांबतो. म्हणून वाळत असताना केसावर काहीतरी असायला हवं. धुवायचं कंडिशनरच थोडं ठेवून बघू, हा प्रयोगही झाला. कपाळावर आणि पाठीवर पुटकुळ्या आल्या, टाळूला खाज. लीव्ह-इन त्याच जातीचं पण पातळ आणि हलकं असतं, राहण्यासाठीच बनवलेलं.

पहिले दोन महिने मला त्याचा काडीचा उपयोग दिसला नाही. चूक माझी होती. मी टॉवेलने खसाखसा पुसून, अर्धवट वाळल्यावर लावत होते, तोवर केस फुगून बसलेले असायचे. आता पाणी निथळत असतानाच, न्हाणीतच लावते. केसांचे चार भाग, प्रत्येक भागाला अर्धा पंप, दोन तळव्यांत पसरून वरून खाली हात फिरवायचा आणि मग मुठीने दाबायचं. दाबताना पचपच आवाज आला पाहिजे, नाही आला तर केस कमी ओला आहे. त्यानंतर जुन्या सुती टी-शर्टने नुसतं टिपायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड.

पुण्यात जानेवारी ते मे हे छान चाललं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीला गेले आणि तेच लीव्ह-इन, तीच पद्धत, पण तासाभरात डोक्याचा भोपळा. यादी पाहिली तर पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन. ग्लिसरीन पाणी ओढतं, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत ओढायला पाणीच पाणी. आल्यावर दुसरं घेतलं, ज्यात ग्लिसरीन यादीत फार खाली आहे आणि डायमेथिकोन हे सिलिकोन वर. पावसाळ्यात हेच चालतंय. पहिली बाटली दिवाळीनंतर परत निघेल.

सिलिकोनचा एक त्रास मात्र आहे. मार्चमध्ये, मास्कमधल्या सिलिकोनमुळे आणि टँकरच्या जड पाण्यामुळे असेल, केसांवर थर बसला. ओळखायची खूण अशी की नळाखाली केस भिजायलाच वेळ लागतो, हाताला मेणचट लागतात आणि तरी टोकं कोरडी दिसतात. मी उलट आणखी मास्क लावत राहिले. उपाय निघाला क्लॅरिफाइंग शाम्पू, ज्यात पाण्यातले क्षार धरणारं ईडीटीए होतं. दोन वेळा धुतल्यावर केस हलके झाले. आता महिन्यातून एकदा तो, आणि मास्कची एक पाळी त्याच दिवशी लावते.

आई म्हणते या सगळ्यापेक्षा धुण्याआधी खोबरेल लाव. तिचं अगदीच चूक नाही. मुंबईच्या मॅरिकोमधल्या संशोधकांचा 2003 सालचा अभ्यास आहे, खोबरेलाने केसातून निघून जाणारं प्रथिन कमी होतं, सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने तसं होत नाही. अर्थात खोबरेल विकणारी कंपनी, हे लक्षात ठेवून वाचायचं. मी धुण्याआधी तासभर लावते, पण गुंता सोडवायला त्याचा उपयोग नाही, तिथे कंडिशनरच.

पैसे कमी असतील तर माझ्या मते आधी कंडिशनर, मग लीव्ह-इन, आणि मास्क शेवटी. धाकट्या बहिणीचे केस पातळ, सरळ. तिने माझा मास्क हौसेने लावला आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसला तेल चोपडल्यासारखी गेली, तेव्हापासून डबा माझा एकटीचा आहे.